साठ लाख डोंगचं हॉटेल आणि चौघांचा हिशेब

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. पहिल्यांदा परदेशात फिरायला जाणाऱ्यांचे तीन प्रश्न सारखे येतात: बॅगेत काय न्यायचं, पैशांचं गणित कुठल्या अ‍ॅपवर बघायचं आणि ग्रुपचा खर्च कसा वाटायचा. मला विचाराल तर हे तीन नाहीत, अडीच प्रश्न आहेत, कारण शेवटचे दोन एकमेकांत अडकलेले आहेत. करन्सी कन्व्हर्टरवर दिसणारा दर तुम्ही खर्चाच्या अ‍ॅपमध्ये तसाच टाकला, तर ग्रुपमधल्या कुणाच्या तरी खिशातून गुपचूप पैसे जातात. कुणाच्या आणि किती, ते आज आकड्यांसकट सांगतो.

उदाहरण आमच्याच ट्रिपचं घेतो. व्हिएतनाम, आठ दिवस, चौघं. मी, माझी मावसबहीण, ऑफिसातला मित्र आणि त्याचा रूममेट. पासपोर्टवर शिक्का नसलेले तिघं आणि एकदाच कंपनीच्या कामासाठी बाहेर जाऊन आलेला मी. बहिणीची पहिली नोकरी, पगार लागून सहा महिने झालेले. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. आणि आकडे मी जरा गोल केलेत, म्हणजे बसमध्ये ऐकतानाही डोक्यात राहतील.

आधी बॅग. पॅकिंगची यादी करायला वेगळं अ‍ॅप लागत नाही असं माझं मत आहे. त्या अ‍ॅप्समध्ये तयार यादी येते, तीत हेअर ड्रायरपासून हायकिंगच्या काठीपर्यंत सगळं असतं आणि आपल्याला लागतं ते नसतं. चौघांना दिसेल अशी एक गुगल शीट पुरते. पण तिच्यात वस्तूच्या नावापुढे दोन रकाने हवेत: कुणी न्यायची आणि वजन किती. पहिल्या रकान्याचं कारण साधं आहे. टूथब्रश प्रत्येकी एक लागतो, पण एक्स्टेंशन बोर्ड, औषधांचा डबा, नेलकटर, छोटं कुलूप, बॅग तोलायचा हातकाटा या गोष्टी ग्रुपला मिळून एकच पुरतात. हे लिहिलं नाही तर दोनच गोष्टी होतात. चौघंही एक्स्टेंशन बोर्ड आणतात, किंवा एकही आणत नाही.

वजनाचा रकाना विमानासाठी. स्वस्त तिकिटात बऱ्याचदा हातातली सात किलोची बॅग तेवढी धरलेली असते, चेक-इन बॅगेचे पैसे वेगळे. घरच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वस्तू ठेवून ग्रॅम लिहायचे आणि खाली एक सूत्र टाकायचं:

```
=SUMIF(B2:B60,"मी",C2:C60)
```

बी रकान्यात नाव, सी रकान्यात ग्रॅम. "मी"च्या जागी प्रत्येकाचं नाव टाकून चार ओळी करा. आमच्यात मित्राची बॅग नऊ किलोवर गेली होती आणि त्यातला दीड किलो निव्वळ चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी. आईने दिलेलं, कमी करायची हिंमत कुणाची? मग तो चिवडा चार बॅगांत वाटला. शीटमध्ये "चिवडा १" ते "चिवडा ४" अशा ओळी अजून आहेत.

दोन वस्तूंबद्दल मात्र नीट सांगतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातल्याच बॅगेत. मर्यादा शंभर वॉट-अवरची असते आणि पॉवर बँकेवर आकडा बहुतेक वेळा एमएएचमध्ये असतो. तो हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा. वीस हजार एमएएच म्हणजे २० गुणिले ३.७, चौऱ्याहत्तर वॉट-अवर. चालतं. तीस हजारवाली एकशे अकरावर जाते, ती घरीच ठेवलेली बरी. दुसरी वस्तू चार्जर. व्हिएतनाममध्ये वीज आपल्यासारखीच २२० व्होल्टची आहे आणि बऱ्याच सॉकेटमध्ये आपली दोन गोल पिनांची मोबाइलची पिन बसते. लॅपटॉपची तीन पिनांची मोठी पिन बसत नाही. म्हणजे चौघांत एक अ‍ॅडॅप्टर आणि त्याला लावायला तो एक्स्टेंशन बोर्ड, झालं काम.

आता त्याच शीटमध्ये दुसरी टॅब करा, "करायचं" नावाची. वस्तू विसरली तर तिथे विकत मिळते. या टॅबमधलं काही राहिलं तर तिथे बसून दुरुस्त करणं फार त्रासाचं. ई-व्हिसाची पीडीएफ आली की त्याच दिवशी नाव, पासपोर्ट नंबर आणि तारखा पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे असतं. पासपोर्टवर ते गिव्हन नेममध्ये असेल तर व्हिसावरही तसंच हवं. मग कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू होऊन येतात. परदेशातला वापर बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपण चालू करायचा असतो, आणि दुकानातलं मशीन, ऑनलाइन, एटीएम यांची बटणं वेगवेगळी असतात. तिन्ही बघा. आणि तिसरं, आपल्या भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून ठेवा. नेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम घ्याल, पण बँकेचा ओटीपी येणार तुमच्या जुन्या नंबरवर. ग्रॅबसारख्या टॅक्सीच्या अ‍ॅपला कार्ड जोडायचं असेल तर तेही घरी सोफ्यावर बसून जोडा. हनोईच्या विमानतळाबाहेर रात्री अकराला ओटीपीची वाट बघत उभं राहण्यात काही मजा नाही.

बॅग झाली. आता पैसे.

व्हिएतनामचं चलन डोंग. आम्ही गेलो तेव्हा कन्व्हर्टरवर एका रुपयाला साधारण तीनशे डोंग दिसत होते. त्यामुळे तिथे एक वाटी फो, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप, पंचेचाळीस हजारांचं असतं. मेन्यूवर शेवटची तीन शून्यं बहुतेक लिहीतच नाहीत, "45k" लिहितात. दर वेळी फोन काढायचा नसेल तर युक्ती अशी: तीन शून्यं उडवा, तीनने भागा, एक शून्य जोडा. पंचेचाळीस हजार, पंचेचाळीस, पंधरा, दीडशे रुपये. दुसऱ्या दिवसापर्यंत हे सवयीचं होतं. तुम्ही जाल तेव्हा दर वेगळा असेल, पण आपल्या दराची अशी एक युक्ती विमानातच बसवून टाका.

अ‍ॅप ठेवायचंच असेल तर नेट नसताना चालणारं ठेवा. एक्सई हे त्यातलं जुनं नाव. नेट गेलं तरी शेवटचा दर धरून हिशेब दाखवतं. सुट्टीवरच्या माणसाला कालचा दर चालतो. अ‍ॅप जिथे मदत करत नाही ती जागा म्हणजे नोट. वीस हजारांची नोट निळी आहे आणि पाच लाखांचीही निळसर. पहिली सदुसष्ट रुपयांची, दुसरी सोळाशे सदुसष्टची. संध्याकाळच्या बाजारात, पिवळ्या दिव्याखाली, घाईत. आम्ही पाकिटाचे दोन कप्पे केले होते, एक लाख आणि वरच्या नोटा मागे, बाकी पुढे. एवढं पुरतं.

आता मुख्य मुद्दा. कन्व्हर्टर जो दर दाखवतो तो बाजारातला मधला दर. खरेदीचा दर आणि विक्रीचा दर यांच्या बरोबर मधला. तुम्हा-आम्हाला त्या दराने सहसा कुणी पैसे देत नाही. आपल्याला मिळणारा दर आपण पैसे कसे देतो त्यावर ठरतो. दहा लाख डोंग घेऊ. कन्व्हर्टर म्हणतो, तीन हजार तीनशे तेहतीस रुपये.

रोख घेतली तर? भारतात डोंग सहजी मिळत नाहीत, म्हणून लोक डॉलर नेतात आणि तिथे बदलतात. म्हणजे दोनदा अदलाबदल आणि दोनदा कात्री. कन्व्हर्टरवर डॉलर शहाऐंशी रुपयांचा होता, मित्राला सगळे कर-शुल्क धरून अठ्ठ्याऐंशीला पडला. हनोईत कन्व्हर्टर एका डॉलरला २५,८०० डोंग दाखवत होता, बँकेच्या काउंटरवर २५,६०० मिळाले. आता भागाकार करा: अठ्ठ्याऐंशी भागिले २५,६००. त्याला दहा लाख डोंग ३,४३७ रुपये ५० पैशांना पडले. कन्व्हर्टरपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त.

साधं क्रेडिट कार्ड घासलं तर? बहुतेक बँका परदेशी व्यवहारावर मार्कअप लावतात, साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या मार्कअपवर अठरा टक्के जीएसटी. साडेतीनचे अठरा टक्के म्हणजे ०.६३. एकूण ४.१३ टक्के. तेच दहा लाख डोंग ३,४७१ रुपयांना. आणि झीरो मार्कअपचं कार्ड असेल तर जवळपास कन्व्हर्टरच्याच दराला, ३,३३३. असं कार्ड चौघांत माझ्या एकट्याकडे होतं.

अजून एक सापळा आहे, तो कार्ड मशीनवर. कार्ड भारतीय आहे हे ओळखून मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की डोंगमध्ये? रुपयांचा आकडा समोर दिसतो, ओळखीचा वाटतो, बोट तिकडेच जातं. पण तो दर दुकानाच्या बाजूने ठरवलेला असतो आणि साधारणपणे कार्डाच्या दरापेक्षा महाग असतो. शिवाय काही बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क लावतात. नेहमी तिथलं चलन निवडायचं. दुकानदाराने स्वतःच बटण दाबलं असेल तर पावती बघा. पावतीवर आय-एन-आर दिसलं तर जागच्या जागी व्यवहार रद्द करून डोंगमध्ये परत करायला सांगता येतो. हॉटेलवर परतल्यावर नाही.

तर आता चौघं तीन दरांनी पैसे देतायत. याचा खर्चाच्या अ‍ॅपमध्ये काय गोंधळ होतो ते बघू.

आधी फुटकळ खर्च. पाणी, फो, कॉफी, टॅक्सी, टिप. दिवसाला पंधरा-वीस नोंदी होतात. स्प्लिटवाइजच्या फुकट आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी टाकता येतात, पण ती मर्यादा नसती तरी मी हे खर्च टाकले नसते. यावर आपला जुना उपाय आहे, वर्गणी. चौघांनी हनोईत उतरल्यावर प्रत्येकी शंभर डॉलरची एक नोट काढली. चारशे डॉलर गुणिले २५,६००, एक कोटी दोन लाख चाळीस हजार डोंग. बहिणीने फोटो काढून मावशीला पाठवला, "आम्ही करोडपती". ती थैली रूममेटकडे दिली, कारण तो पैशाला चिकट आहे आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. जे चौघांचं, ते थैलीतून. कुणा एकाची बिअर, कुणाची चपलांची खरेदी, ते ज्याच्या त्याच्या खिशातून. पाचव्या दिवशी थैली संपली, परत प्रत्येकी पन्नास डॉलर घातले, शेवटी उरलेले सारखे वाटून घेतले.

यातली गंमत लक्षात आली का? थैलीची एकही नोंद अ‍ॅपमध्ये नाही. सगळ्यांनी सारखं घातलं, सारखं वापरलं, तर कुणीच कुणाचं देणं लागत नाही. डॉलर कुणाला अठ्ठ्याऐंशीला पडला, कुणाला साडेसत्त्याऐंशीला, तो ज्याचा त्याचा प्रश्न. दराचा वादच उरत नाही.

अ‍ॅपसाठी राहिले ते मोठे खर्च, आणि ते आठ दिवसांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. इथे सोपं जावं म्हणून चारच घेतो. होई आनमधलं हॉटेल, चार रात्री, दोन खोल्या, साठ लाख डोंग, बहिणीच्या साध्या क्रेडिट कार्डावर. हा लाँग बेची एक दिवसाची बोट, चाळीस लाख, मित्राने स्वतःच्या रोख रकमेतून. हनोई ते दा नांग चौघांचं विमान, चोपन्न लाख, माझ्या झीरो मार्कअप कार्डावर. आणि बा ना हिल्सची तिकिटं, सत्तावीस लाख, रूममेटच्या साध्या कार्डावर. बा ना हिल्सला तिघंच गेलो. बहिणीला त्या दिवशी होई आनमध्ये शिंप्याकडे कपडे शिवून घ्यायचे होते.

ट्रिप चालू असताना नोंद डोंगमध्येच टाका. पावतीवर जो आकडा आहे तोच. रुपये करायची घाई नको. फक्त नोंदीच्या टीपेत पैसे कसे दिले ते लिहा: रोख, साधं कार्ड, झीरो कार्ड. अ‍ॅप वेगवेगळ्या चलनांच्या बाक्या वेगवेगळ्या ठेवतं, त्यामुळे काही बिघडत नाही. सगळी बाकी एका चलनात आणायची सोय पैसे भरलेल्या आवृत्तीत मिळते, पण तीही बाजाराच्या दराने. म्हणजे प्रश्न तोच.

घरी आल्यावर क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट येईपर्यंत थांबा. कार्ड घासल्यावर एसएमएसमध्ये जो रुपयांचा आकडा येतो तो शेवटचा असेलच असं नाही. व्यवहार पक्का व्हायला दोन-तीन दिवस लागतात, त्यात दर थोडा हलतो. मार्कअप आणि जीएसटी काही बँका वेगळ्या ओळींत, नंतर लावतात. बहिणीच्या स्टेटमेंटवर हॉटेलच्या तीन ओळी होत्या: वीस हजार, सातशे आणि एकशे सव्वीस. हॉटेल तिला २०,८२६ रुपयांना पडलं. तिन्ही ओळी शोधल्या, बेरीज केली, अ‍ॅपमधली साठ लाख डोंगची नोंद उघडून चलन रुपये केलं आणि आकडा २०,८२६.

तसंच बाकीचं. बोट मित्राला पडली १३,७५० ला. विमान मला १८,००० ला. बा ना हिल्स रूममेटला ९,३७२ ला, तिघांत, म्हणजे प्रत्येकी ३,१२४.

चौघांत वाटायचे तीन खर्च मिळून ५२,५७६. प्रत्येकी १३,१४४. बहिणीचा वाटा तेवढाच, आम्हा तिघांचा त्यात ३,१२४ मिळवून १६,२६८. आता कुणी किती दिले त्यातून वाटा वजा करा. बहिणीने २०,८२६ दिले, तिला ७,६८२ यायचे. मी १८,००० दिले, मला १,७३२ यायचे. मित्र २,५१८ देणं लागतो, रूममेट ६,८९६. येणं आणि देणं दोन्हीकडे बेरीज ९,४१४. ही बेरीज जुळते की नाही हे एकदा बघाच, नोंद चुकली असेल तर इथेच कळतं, विशेषतः कुणाला तरी वगळायचं राहिलंय का ते.

मग ग्रुपच्या सेटिंगमध्ये `Simplify group debts` चालू करा. ते काय करतं? कोण कुणाच्या कुठल्या खर्चात होतं ते विसरून फक्त शेवटच्या बाक्या जुळवतं. रूममेटने बहिणीला ६,८९६ दिले, मित्राने बहिणीला ७८६ आणि मला १,७३२. तीन यूपीआय, हिशेब संपला. काही जणांना हे खटकतं, "मी तर तिच्याकडून काही घेतलंच नव्हतं, मग तिला का देऊ?" एकूण देणं बदलत नाही, फक्त पत्ता बदलतो. पण लोकांना आधी सांगून ठेवा.

आता हेच सगळं कन्व्हर्टरच्या दराने करून बघू. हॉटेल २०,०००, बोट १३,३३३, विमान १८,०००, बा ना ९,०००. सगळं तसंच, फक्त दर तीनशे. बहिणीचं येणं ७,६८२ वरून ७,१६७ वर येतं. पाचशे पंधरा रुपये गायब. आणि माझं येणं? १,७३२ वरून २,१६७ वर जातं. चारशे पस्तीस रुपये मला फुकट. मी काहीही केलेलं नाही, माझ्याकडे फक्त चांगलं कार्ड होतं. मला ते कार्ड मिळालं कारण माझा पगार आणि क्रेडिट स्कोअर त्यात बसतो. तिला सहा महिन्यांच्या नोकरीवर बँकेने जे दिलं ते कार्ड तिच्याकडे होतं. म्हणजे कन्व्हर्टरच्या दराने हिशेब केला की ज्याच्याकडे कमी आहे तो भरतो आणि ज्याच्याकडे जास्त आहे त्याला मिळतं. आणि अ‍ॅपवर सगळं हिरवं, "settled up". ती माझी बहीण आहे, तिने काही म्हटलंही नसतं. म्हणून तर हे आधी बोलायचं.

यावर मित्राचा आक्षेप होता आणि तो अगदीच फालतू नव्हता. तो म्हणाला, "तिच्या कार्डाचा मार्कअप आपण का भरायचा? कार्ड तिचं, भुर्दंड तिचा." माझं उत्तर असं: ती तिच्या खोलीचे पैसे देत नव्हती, चौघांच्या दोन खोल्यांचे देत होती. तिने कार्ड पुढे केलं नसतं तर आपल्यापैकी कुणाला तरी करावंच लागलं असतं. खर्च ग्रुपचा, तर तो खर्च करायला जे पडलं तेही ग्रुपचं. पण मित्राच्या बोलण्यात एक बरोबर गोष्ट होती: माझं झीरो मार्कअप कार्ड असताना तिचं घासायचंच कशाला? त्या हॉटेलचे ८२६ आणि बा नाचे ३७२, असे जवळजवळ बाराशे रुपये वाचले असते.

वाचले असते, पण सगळं एकाच कार्डावर टाकण्याची पण एक किंमत आहे. हॉटेल, विमान, तिकिटं मिळून पन्नास हजारांच्या आसपास माझ्या एकट्याच्या नावावर, बाकीचे पैसे देईपर्यंत बिल माझ्या डोक्यावर. शिवाय ते एक कार्ड ब्लॉक झालं किंवा हरवलं तर चौघंही अडकले. आणि तसं झालंच: चेक-इनच्या वेळी त्या हॉटेलच्या मशीनने माझं कार्ड दोनदा नाकारलं, म्हणून तर बहिणीने तिचं काढलं. त्यामुळे मी आता असं सुचवतो. निघण्याआधी कुणाकडे कुठलं कार्ड आहे आणि त्याचा मार्कअप किती, हे त्या शीटमध्येच लिहा. बँकेच्या दरपत्रकात "फॉरेन करन्सी मार्कअप" या नावाने सापडेल. सगळ्यात स्वस्त कार्ड पुढे, पण त्या माणसाला बाकीच्यांनी आधीच यूपीआयने आगाऊ रक्कम द्यायची, समजा प्रत्येकी दहा हजार, आणि ती रक्कमही अ‍ॅपमध्ये नोंदवायची. दुसरं कार्ड दुसऱ्या माणसाकडे, दुसऱ्या बॅगेत. आणि कार्डावर जे रिवॉर्ड पॉइंट मिळतील ते ज्याचं कार्ड त्याचे. ते वाटायला बसाल तर वेडे व्हाल.

एटीएमबद्दल विचाराल म्हणून एवढंच. तिथलं मशीन दर वेळी ठरावीक शुल्क घेऊ शकतं, मग रक्कम छोटी असो की मोठी. समजा पन्नास हजार डोंग. पाच लाख काढले तर ते दहा टक्के झाले, वीस लाख काढले तर अडीच. त्यामुळे काढायचेच तर एकदाच, आणि डेबिट कार्डाने. क्रेडिट कार्डाने रोख काढली की शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून.

एक शेवटची गोष्ट, कारण हिशेब संपला असं म्हटल्यावर महिन्याने हीच उगवते. काही हॉटेलं डिपॉझिट म्हणून कार्डावर पैसे घेतात आणि नंतर परत करतात. घेतले तेव्हाचा दर आणि परत आले तेव्हाचा दर वेगळा असतो, आणि मार्कअप बहुतेक वेळा परत येत नाही. आम्हाला होई आनमध्ये दहा लाख डोंगचं डिपॉझिट होतं, तेही बहिणीच्याच कार्डावर. गेले ३,४७१, आले ३,३१०. वरचे एकशे एकसष्ट रुपये "हॉटेल डिपॉझिट फरक" अशा नावाने नोंदवले, चौघांत चाळीस रुपये पंचवीस पैसे. तिने नोंद टाकताना खाली हसरा चेहरा टाकला होता, रूममेटने दोन मिनिटांत पैसे पाठवले. त्याने चाळीसच पाठवले, पंचवीस पैसे अजून अ‍ॅपवर दिसतायत.